'कस्टम'ला रूढी म्हणायचं की वहिवाट?

मृण्मयी: मुंबईच्या सुप्रीम कोर्टातला १८४७चा खोजा खटला मराठीत आणतेय. खोजा मुलींनी वडिलांच्या मिळकतीत कुराणाप्रमाणे वाटा मागितला. न्यायाधीश अर्स्किन पेरींनी नाकारला, कारण जमातीच्या 'कस्टम'प्रमाणे मुलींना पोटगी आणि लग्नखर्च एवढंच मिळे. मी 'रूढी' लिहिलं, संपादकांनी 'वहिवाट' केलं.

बापू_सातारकर: वहिवाट जमिनीची नाहीतर रस्त्याची. 'चाल' म्हणा, अस्सल शब्द आहे.

निशिगंध: खोजा म्हणजे जनानखान्यातला नोकर ना? त्याला कुठल्या मुली?

अॅड. केतकर: मूळ शब्द एकच, फारसी 'ख्वाजा'. पण इथले खोजे म्हणजे मुंबई-कच्छकडची व्यापारी जमात. 'चाल' मात्र नको. चाल बदलते, कोर्टातली रूढी बदलत नाही. साक्षीदार उभे करून ती जुनी आणि सर्वांना सारखी लागू आहे हे शाबीत करावं लागतं. एकदा निकाल छापला की पुढचे वकील साक्षी घेण्याऐवजी तोच दाखवतात.

रणजित: थोडक्यात, पेरींनी खोजांना हिंदू ठरवलं.

अॅड. केतकर: नाही हो. मुसलमानच मानलं, वारसा तेवढा रूढीवर सोडला. ती हिंदू चालीशी जुळणारी, म्हणून पुढे कोर्टं खोजांच्या वारशाला हिंदू कायदा लागू धरूनच सुरुवात करू लागली. वेगळं काही म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं. सगळी मेख या ओझ्यात आहे. धर्माचा प्रश्न १८६६ला न्या. आर्नोल्डांपुढे आला. वादी म्हणत, जमात सुन्नी. कोर्टानं जमातीचा 'दसावतार' हा धर्मग्रंथ पुराव्यात घेतला, ज्यात दहावा अवतार म्हणजे अली, आणि जमात शिया इमामी इस्माइली ठरवली. जमातीच्या मालमत्तेवर इस्माइलींचे इमाम आगाखान यांचा हक्क पक्का झाला. दोन्हीकडे पाय ठेवून असलेल्यांना बाजू घ्यावी लागली.

बापू_सातारकर: विष्णूच्या अवतारांत अली? आता शिरगणतीवाला काय लिहिणार?

रणजित: लिहिलं होतं! १९११ला मुंबई इलाख्याच्या अधीक्षकांनी गुजरातेतल्या अशा मिश्र आचाराच्या लोकांसाठी 'हिंदू-मुहम्मदन' असा वेगळा वर्ग केला. जनगणना आयुक्त गेट यांना तो पटला नाही, एका बाजूला टाका म्हणाले.

अॅड. केतकर: हे बरोबर. धर्माच्या रकान्यात दोन शब्द बसत नाहीत, कारण बेरीज एकाच खान्यात जायची असते. गणक दारात काय ऐकतो यापेक्षा वर तक्ता कसा मांडतात त्यावर ठरतं.

मृण्मयी: आभारी आहे, पण रूढी की वहिवाट?

बापू_सातारकर: चाल.

अॅड. केतकर: रूढी. १९३७च्या शरियत कायद्यानं हीच रूढी मोडली, तीही शेतजमीन वगळून.

निशिगंध: मग शेतजमिनीला वहिवाटच म्हणा की!