उशिरा येणाऱ्या मदतनीसाला ताकीदपत्र

"मदतनीस सारखा उशिरा येतो. तोंडी सांगून झालं. आता पत्र द्यायचंय, पण तो दुखावायला नको. काय लिहू?"

'तुम्ही नेहमी उशिरा येता' असं लिहू नका. तो वेळेवर आलेला एक दिवस दाखवेल आणि विषय तिथेच फिसकटेल. त्याऐवजी तारखा लिहा. मी असं लिहिलं असतं:

"तुमची वेळ सकाळी ९ ची आहे. या महिन्यात ३, ७, १२ आणि १८ तारखेला तुम्ही २५ ते ४० मिनिटं उशिरा आलात. १२ तारखेला आपलं बोलणंही झालं होतं. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. येण्यात अडचण असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, वेळ बदलता येते का पाहू. सोमवारपासून ९ वाजता हजर राहावं. उशीर होणारच असेल तर साडेआठच्या आत फोन करावा. पुढच्या ४ आठवड्यांत न कळवता दोनदा उशीर झाला, तर काम थांबवण्याचा विचार करावा लागेल."

शेवटचं वाक्य खरंच पाळणार असाल तरच ठेवा, नाहीतर पुढच्या पत्राला कोणी भीक घालणार नाही. पगार कापायची धमकी तर नकोच, ठरलेल्या अटींत ते बसतं का हे बघितल्याशिवाय.

पत्र एकांतात वाचून दाखवा, बाजू ऐका, मग प्रतीवर सही घ्या. सही पत्र मिळाल्याची, चूक कबूल केल्याची नव्हे, हे त्याला आधीच सांगा. (आणि संध्याकाळी तुम्हीच त्याला तासभर जास्त थांबवत असाल, तर आधी तो हिशेब मिटवा.)