बुद्धिबळात हत्ती सातव्या रांगेत पोचल्यावर काय?
"ओपन फाईल मिळाली, दोन्ही हत्ती सातव्या रांगेत घुसले, पण तिथे जाऊन नुसती प्यादी खायची का?"

नाही, आधी काळ्याचं एफ८ घर बघा. समजा तुमचे हत्ती बी७ आणि ई७ वर आहेत, काळ्याचा राजा जी८, हत्ती एफ८, प्यादी जी७ आणि एच७, आणि एफचं प्यादं पुढे सरकलेलं. ई७ च्या हत्तीने जी७ मारून शह, राजा एच८, मग एच७ मारून शह, राजा परत जी८, आणि आता बी७ चा हत्ती जी७ वर आला की मात. गंमत म्हणजे इथे त्याचा स्वतःचाच हत्ती राजाची वाट अडवून बसलेला असतो, एफ८ रिकामा असता तर राजा तिकडून सटकला असता.

मी अगदी याच पोझिशनला हावरटपणा करून बी७ च्या हत्तीने ए७ चं प्यादं खाल्लं :) समोरच्याने हत्ती डी८ वर नेला, म्हणजे एफ८ पण मोकळा आणि वर माझ्या पहिल्या रांगेत मातची धमकी, कारण माझ्या राजाला पळायला घरच ठेवलं नव्हतं. शेवटी ई७ चा हत्ती निमूट ई१ वर परत.