मदत हवी आहे: कोलेस्टेरॉल नॉर्मल, तरी बाबांना स्टॅटिन कशासाठी?

सांगलीकर_७९: बाबांना शुगर आहे. रिपोर्टमध्ये एलडीएल 114 आलंय आणि शेजारी 130च्या आत नॉर्मल असं छापलंय. तरी डॉक्टरांनी रात्री अटोरव्हास्टॅटिन 10 लिहून दिली. बाबांनी चार दिवस घेतली आणि बंद केली. म्हणतात, नसलेल्या आजाराची गोळी का खाऊ? डॉक्टरांना विचारलं तर 'घ्यायची म्हणजे घ्यायची' एवढंच उत्तर मिळालं. लवकर सांगा, घरात रोज वाद होतोय.

मंदा_ताई: रक्त पातळ करायची गोळी कधीच अचानक बंद करू नये! माझ्या जाऊबाईंना दात काढताना केवढा त्रास झाला होता.

सांगलीकर_७९: ताई, रक्त पातळ करायची नाही हो, कोलेस्टेरॉलची आहे.

निवृत्त_फिजिशियन: वय किती? शुगर किती वर्षांपासून? बीपी? तंबाखू? पूर्ण लिपिड रिपोर्ट टाका. नुसत्या एलडीएलवरून काय सांगणार?

सांगलीकर_७९: वय 58, शुगर 9 वर्षं. एकूण कोलेस्टेरॉल 196, एचडीएल 34, ट्रायग्लिसराइड 240. बीपी 146/88, पण दवाखान्यात जिने चढून गेल्या गेल्या घेतलं होतं. तंबाखू आहे, पण सिगारेट नाही.

लॅबवाला_दादा: मी बारा वर्षं लॅबमध्ये आहे. रेंजच्या आत म्हणजे नॉर्मल. ट्रायग्लिसराइड तेवढं वाढलंय, भात आणि गोड कमी करा. गोळीची गरज वाटत नाही.

निवृत्त_फिजिशियन: दादा, भाताचं बरोबर आहे. पण ती रेंज सगळ्यांसाठी एकच छापलेली असते, समोरच्याला मधुमेह आहे हे कागदाला माहीत नसतं. शुगरने धमनीचं आतलं अस्तर आधीच दुखावलेलं असतं, त्यामुळे त्याच 114मधली चरबी तिथे जास्त रुतते. शिवाय ट्रायग्लिसराइड चढलेलं आणि एचडीएल उतरलेलं असलं की एलडीएलचे कण लहान आणि संख्येने जास्त असतात, आकडा साधा दिसला तरी.

हाच रिपोर्ट घ्या. 196मधून चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल 34, वजा केलं की 162 उरतात. हे नॉन-एचडीएल, म्हणजे धमनीत जाऊन बसू शकणारा सगळा माल. अशा रुग्णात तो 100च्या आत आणि एलडीएल 70च्या आत आणायचा प्रयत्न असतो. म्हणून 40 ते 75 वयात मधुमेह असला की एलडीएल कितीही असो, स्टॅटिन सुचवतात. गोळी आकड्याला नाही, धोक्याला दिलेली असते.

2004 साली ब्रिटन-आयर्लंडमधला 'कार्ड्स' अभ्यास आला. हृदयविकार नसलेले मधुमेही, सरासरी एलडीएल 120च्या आतच, आणि हीच 10ची गोळी. हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण 37 टक्क्यांनी कमी झाल्या.

जवस_प्रेमी: शुगर वाढते त्या गोळीने! आम्ही जवस आणि लसूण घेतो, काही होत नाही.

निवृत्त_फिजिशियन: शुगर थोडी वाढू शकते, ते खरं आहे. पण ती वाढ गोळ्या-आहाराने सांभाळता येते. जवस खुशाल खा, पण 10च्या गोळीने एलडीएल साधारण तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरतं, म्हणजे 114चं सत्तरीच्या आसपास. जवसाने तेवढं होत नाही.

कोथरूड_काकू: मला रोसुव्हास्टॅटिनने मांड्या इतक्या दुखायच्या की कमोडवरून उठताना भिंत धरावी लागे. बंद केली, तीन आठवड्यांत गेलं. डॉक्टर मानायलाच तयार नव्हते.

निवृत्त_फिजिशियन: काकू, असं होतं, आणि ऐकून घ्यायलाच हवं होतं. दोन्ही मांड्या सारख्या दुखल्या तर गोळी थांबवून सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी, करायची, मग दुसरं स्टॅटिन किंवा कमी मात्रा. लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. तळपायाची आग मात्र बहुतेकदा शुगरची असते, तिचा दोष लोक गोळीला देतात.

लॅबवाला_दादा: एका माणसाच्या रिपोर्टवर सरसकट 70 सांगणं मला अजून पटत नाही.

निवृत्त_फिजिशियन: 70 कुणासाठी आणि किती कडक, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. पण इथे 9 वर्षांची शुगर, तंबाखू आणि बहुधा बीपी एकत्र आहेत.

सांगलीकर, बीपी 130/80च्या आत हवं, पण ते 146 मी अजून धरत नाही. घरी पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, हात छातीच्या उंचीला, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून काढा. शुगरचा किडनीवर परिणाम झालाय का ते कळायला लघवीतलं अल्ब्युमिन कधी तपासलंय?

सांगलीकर_७९: नाही, कुणी सांगितलंच नाही. उद्या देतो. काल संध्याकाळी घरी बसवून बीपी घेतलं, 138/84 आणि मग 136/82. बाबांना ते 162चं गणित कागदावर मांडून दाखवलं, गप्प बसून दोनदा वाचलं. गोळी अजून घेतलेली नाही. विचारतायत, तंबाखू सोडली तर गोळी टळेल का?

निवृत्त_फिजिशियन: टळणार नाही. पण सोडायला तयार असतील तर तो विषय आजच धरा, गोळीचं आठवड्याने परत काढा.