सीआरटी मॉनिटर डोळ्यांत खुपतोय, अक्षरंही पुसट – मदत हवी आहे (तातडीची)

टंकनघर_इंदूर:
एलसीडी गेला. माळ्यावरचा जुना सीआरटी काढून लावला. पडदा सतत लकलकतोय, अक्षरं कापसासारखी फुगलेली. दोन तासांत कपाळ ठणकायला लागतं. 1280 x 1024 वर लावलंय, यादीत फक्त 60 हर्ट्झ दिसतंय. सोमवारी पुस्तकाची प्रुफं द्यायची आहेत. काय करू?

रामबागी:
भिया, नवा घेऊन टाक ना. सिल्व्हर मॉलमध्ये सेकंडहँड एलईडी स्वस्तात मिळतो. कशाला ते धूड टेबलावर?

टंकनघर_इंदूर:
मला काय घेऊ असं विचारलेलं नाही. सोमवारनंतर घेईनच.

जुनाखेळाडू:
सोपं आहे. मॉनिटरच्या टॅबवर `Hide modes that this monitor cannot display` अशी चौकट असते, तिची खूण काढ. मग 100 हर्ट्झसुद्धा दिसेल, तेच लाव. मी माझ्या सीआरटीवर जुने गेम 120 वर खेळतो. लोणी!

चुंबकराव:
थांबा, लगेच करू नका. किती इंची आहे? विंडोज कुठलं? केबल मॉनिटरला जोडलेलीच आहे की मध्ये काही लावलंय?

टंकनघर_इंदूर:
केलं की हो! पडदा काळा, मधोमध `Out of range`. आपोआप परत आलं म्हणून बरं. 17 इंची, एक्सपी. डीटीपीच्या सॉफ्टवेअरचं डाँगल याच मशीनवर चालतं, म्हणून एक्सपी सोडता येत नाही. केबल म्हणजे सीपीयू टेबलाखाली आहे, तिथपर्यंत एक्स्टेंशन लावलंय. सगळेच लावतात.

चुंबकराव:
एक्सपी 15 सेकंद वाट बघून जुन्या सेटिंगवर येतं, म्हणून वाचलात. संदेश दाखवणारा मॉनिटर स्वतःला सांभाळून घेतो. त्याहून जुने काही तसं करत नाहीत, आतून चिरचिर आवाज येतो आणि आडव्या स्कॅनिंगचा भाग जळू शकतो. म्हणून ती चौकट सहसा तशीच राहू द्यावी.

आता मूळ गोष्ट. मॉनिटरची खरी मर्यादा हर्ट्झची नसते, सेकंदाला किती आडव्या रेघा काढता येतात याची असते. मॅन्युअलमध्ये ती किलोहर्ट्झमध्ये लिहिलेली सापडेल. मॉडेल नंबर मागच्या लेबलवर असतो.

टंकनघर_इंदूर:
मॅन्युअल मिळालं. आडवं 30 ते 70 किलोहर्ट्झ, उभं 50 ते 160 हर्ट्झ. मग 100 का नाही चाललं? 160 लिहिलंय की.

चुंबकराव:
160 हे कमी रेझोल्युशनला. 1280 x 1024 मध्ये दिसणाऱ्या रेघा 1024, पण किरण खालून परत वर जातो त्या वेळेच्या रेघा धरून एकूण 1066 होतात. 60 ने गुणलं की 64 किलोहर्ट्झ, बसतं. 75 ने गुणलं की 80, म्हणजे 70 च्या बाहेर. 100 तर लांबच राहिलं. या रेझोल्युशनला तुमच्या मॉनिटरकडे 60 शिवाय फार काही नाही.

1024 x 768 घ्या. एकूण रेघा 808, त्यांना 85 ने गुणलं की 68.7. काठावर, पण आत. पांढऱ्या पानावर काम करणाऱ्याला 85 पुरतं. खात्री करायची तर पडद्यावर पांढरं पान उघडा आणि नजर पडद्याच्या बाजूला भिंतीवर ठेवा. डोळ्याच्या कोपऱ्याला लकलक आधी कळते.

जुनाखेळाडू:
मग माझं 120 कसं चालतं?

चुंबकराव:
गेम 640 x 480 वर असेल. रेघा कमी, म्हणून हर्ट्झ वाढवायला वाव.

जुनाखेळाडू:
हो, तेवढंच आहे. पण चौकट काढणं चुकीचंच, असं नाही. माझ्याकडे काढल्याशिवाय यादी येतच नाही.

चुंबकराव:
खरंय, पण यादी का येत नाही ते आधी बघावं. मॉनिटर स्वतःची माहिती व्हीजीए केबलच्या 12 आणि 15 नंबरच्या पिनांतून देतो. स्वस्तातल्या एक्स्टेंशनमध्ये त्या तारा नसतातच. मग विंडोज अंदाजाने चालतं. टंकनघर, मॉनिटरचं नाव `Default Monitor` असं दिसतंय का?

टंकनघर_इंदूर:
हो! तेच लिहिलंय.

बडोद्याचाकाका:
आमच्याकडेही असंच व्हायचं. मी पडद्यावर काळी काच लावली, डोळ्यांना आराम पडला. आता ती काच मिळत नाही. कुणाकडे असेल तर सांगा.

चुंबकराव:
काका, काच चमक कमी करते, त्यामुळे लकलक थोडी कमी जाणवते, हे बरोबर. पण ब्राइटनेस उतरवूनही तेवढंच होतं.

टंकनघर, एक्स्टेंशन काढा, सीपीयू टेबलावर घ्या. पुसटपणाही बराचसा तिथलाच असणार. कमी दर्जाच्या लांब तारेत सिग्नल परावर्तित होतो आणि काळ्या अक्षराच्या उजव्या कडेला फिकट सावली पडते. दुसरं, 17 इंचीचं चित्र जेमतेम 32 सेंटीमीटर रुंद. त्यात 1280 ठिपके बसवले तर एकेक पाव मिलिमीटरचा. पडद्याच्या आतल्या फॉस्फरच्या ठिपक्यांमधलं आडवं अंतरही जवळपास तेवढंच. अशा ठिकाणी मराठीतले रफार आणि अनुस्वार पहिल्यांदा मार खातात.

टंकनघर_इंदूर:
एक्स्टेंशन काढलं. नाव `Plug and Play Monitor` झालं, 1024 वर 85 यादीत आलं. लावलं. लकलक गेली! अक्षरंही काळी झाली. आणि माझं वर्तुळ, जे आठवडाभर अंड्यासारखं दिसत होतं, ते गोल झालं. हे काय?

चुंबकराव:
1280 x 1024 हे पाचास चार, तुमची काच चारास तीन. चित्र आडवं ताणलं जायचं.

टंकनघर_इंदूर:
पण आता पानाचा अर्धाच भाग दिसतो. सारखं वर-खाली सरकवावं लागतंय. मधलं काही?

चुंबकराव:
1152 x 864 ला 75 हर्ट्झ म्हणजे 67.5, बसेल. अक्षर किंचित मऊ होईल आणि 85 च्या सवयीनंतर 75 खटकू शकतं. प्रुफं बघताना 1024 ठेवा, पानं लावताना हे.

रामबागी:
भाऊ, ते माळ्यावरचं धूड भंगारात दिलं तर किती येतील?

टंकनघर_इंदूर:
रामबागी, विकायचं नाहीये!! आणखी एक. डाव्या बाजूची अक्षरं थरथरतात, आत-बाहेर. 60 वर जास्त होतं, आता कमी आणि बारीक.

चुंबकराव:
डावीकडे काय ठेवलंय?

टंकनघर_इंदूर:
यूपीएस. त्यात काय?

चुंबकराव:
त्याच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र विजेच्या 50 हर्ट्झने हलतं आणि किरणाला ओढतं. 60 वर दोघांतला फरक सेकंदाला 10 वेळा, म्हणून सरळ दिसतो. 85 वर थरथर वेगवान झाली, म्हणून कमी जाणवते. यूपीएस खाली, हातभर लांब न्या.

टंकनघर_इंदूर:
जमिनीवर ठेवला. थरथर थांबली. पण उजवा वरचा कोपरा अजून मऊ आहे, तिथे लेख-शीर्षकं वाचताना डोळे बारीक करावे लागतात. अर्धा तास चालू ठेवून बघितलं, फरक नाही. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, मागून उघडून फोकसचं बटण फिरवतो.

जुनाखेळाडू:
फिरव, मी फिरवलंय. प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने.

चुंबकराव:
ते फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरवर असतं आणि चालू असतानाच फिरवावं लागतं. मागे वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, बंद केल्यावरही नळीत राहतात. शिवाय तो एकच फोकस, कोपरा सुधारला की मध्य बिघडू शकतो. सोमवारपर्यंत तरी हात लावू देऊ नका.

जुनाखेळाडू:
उगाच घाबरवताय.

टंकनघर_इंदूर:
दोघांचं जुळेना! मी शीर्षकं मध्यावर ओढून वाचतोय.