शब्दचर्चा : ‘लॅटरल एन्ट्री’ला मराठीत काय म्हणावं?

शिक्षक, दारव्हा : केंद्र सरकार बाहेरच्या तज्ज्ञांना थेट वरिष्ठ पदांवर घेतं, त्या ‘लॅटरल एन्ट्री’वर अभ्यासिकेतल्या पोरांसाठी टिपण लिहितोय. ‘समांतर प्रवेश’ असं लिहिलं तर निम्मी पोरं गोंधळली. दुसरा शब्द आहे का?

निवृत्त कक्ष अधिकारी, पुसद : ‘समांतर’ नकोच. आपल्या जाहिरातींत महिला, खेळाडू, माजी सैनिक यांच्या जागांना समांतर आरक्षण म्हणतात. पोरं तेच समजणार. इथं तर वाद नेमका आरक्षण नसल्याचा आहे.

तेल्हारा : मग ‘सरळसेवा’ म्हणा. थेट भरतीच ती.

निवृत्त कक्ष अधिकारी : थेट आहे, पण सरळसेवा नाही. सरळसेवेनं माणूस खालच्या पायरीवर लागतो आणि निवृत्तीपर्यंत राहतो. 17 ऑगस्ट 2024 च्या यूपीएससीच्या लॅटरल एन्ट्रीच्या जाहिरातीत 45 जागा होत्या : 10 सहसचिव, बाकी संचालक आणि उपसचिव. कंत्राट 3 वर्षांचं, फार तर 5.

कापूस उत्पादक, आर्णी : माझी पोरगी पॉलिटेक्निक करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेली. तिच्या फॉर्मवरही लॅटरल एन्ट्रीच होतं. तेच ना हे?

शिक्षक : नाही काका, हे नोकरीचं आहे. पण ‘मधल्या पायरीवर बाहेरून’ हा अर्थ तुमच्यामुळे पोरांना लवकर कळेल.

तेल्हारा : तीन दिवसांत मागे घेतली ती जाहिरात. कायद्यानंच आरक्षण काढलं होतं म्हणून.

निवृत्त कक्ष अधिकारी : मागे घेतली हे खरं, 20 ऑगस्टला. पण कायदा कुणी बदलला नव्हता. प्रत्येक जागा स्वतंत्र धरली, आणि एकाच पदावर आरक्षण ठेवता येत नाही. 45 जागा एकत्र मोजल्या असत्या, तर 27 टक्क्यांनी ओबीसींच्याच बाराएक झाल्या असत्या. मोजणी कशी करता यावर सगळं फिरतं. माझ्या मते ती एकत्रच व्हायला हवी होती.

शिक्षक : आणि ‘जनरलिस्ट’, म्हणजे एकाच विषयाचा तज्ज्ञ नसलेला अधिकारी? कोशात ‘सामान्यज्ञ’ आहे.

कापूस उत्पादक, आर्णी : ‘सामान्यज्ञ’ म्हटलं की अर्धवट माहितीचा माणूस वाटते मले. 2017 साली बोंडअळी आली तेव्हा अळी ओळखणारा कृषी सहायक होता. पण पंचनाम्यावर तलाठी आणि ग्रामसेवकाचीही सही लागे, अन् तिघायले एका दिवशी वावरात आणणारा तहसीलदार होता. त्याले अळीतलं काही कळत नव्हतं. तरी त्याच्याबिगर काम अडलं असतं.

निवृत्त कक्ष अधिकारी : म्हणून मी ‘सर्वसाधारण प्रशासक’ म्हणतो. ‘तज्ज्ञ’ला जोड म्हणून लांब आहे, पण कमीपणा येत नाही.

तेल्हारा : पण तो तहसीलदार दोन वर्षांत बदलून गेला असता तर? ओळख झाली की बदली. त्यापेक्षा अळीवाल्यालाच वर न्या ना.

निवृत्त कक्ष अधिकारी : त्याला बढतीनं वर न्या, माझी ना नाही. पण कृषी खात्यातला माणूस मंत्रालयात सचिवपदापर्यंत क्वचितच पोचतो. बाहेरच्याला बोलावण्याआधी या रांगेकडे बघायला हवं.

शिक्षक : टिपणात सध्या ‘बाहेरून थेट वरिष्ठ पदावर भरती’ असं लिहितो. ‘सामान्यज्ञ’ काढलाय. एका शब्दात कुणाला सुचलं तर सांगा, उद्या छापायला देतोय.

कापूस उत्पादक, आर्णी : ‘आडवी भरती’?

निवृत्त कक्ष अधिकारी : ‘आडवं’ म्हटलं की पोरं पुन्हा समांतर आरक्षणावरच जातील.