मदत हवी आहे: अपघात १७ दिवसांनी कळवला म्हणून गाडीचा क्लेम नाकारला

सातारकर_७
मामांची गाडी ११ जुलैला पावसात डिव्हायडरवर चढली. बॉनेट, रेडिएटर, डावं मडगार्ड गेलं. मामांच्या पायाचं हाड मोडलं, डिस्चार्ज १९ तारखेला मिळाला. गाडी त्याच रात्री टोइंगने गॅरेजला नेली आणि तेव्हापासून तशीच उभी आहे. कंपनीला २८ तारखेला कळवलं. सर्व्हेअर आला, फोटो काढले, एस्टिमेट १ लाख ८६ हजार. आता पत्र आलंय की 'अट क्र. १ चा भंग, विलंबाने सूचना, क्लेम अमान्य'. एवढंच कारण. नुसत्या उशिरावरून नाकारता येतं का?

बुलेटवाला
एफआयआर लगेच केला असेल तर घाबरू नका. माझी बाइक चोरीला गेली तेव्हा कंपनीला महिनाभराने कळवलं होतं, तरी पैसे मिळाले.

सातारकर_७
चोरी नाही हो, अपघात आहे. एफआयआर झालेला नाही, दुसरी गाडी नव्हतीच.

अनिकेत_प
४८ तासांचा नियम असतो, तो मोडला की क्लेम गेला. पण सुप्रीम कोर्टाचा २०२० चा गुरशिंदर सिंग निकाल आहे. त्यात ५२ दिवस उशीर होता, तरी क्लेम मंजूर झाला. तो जोडा, काम होईल.

विमाविषयक
अनिकेत, निकाल खरा आहे, पण तो ट्रॅक्टरच्या चोरीचा. तिथे पोलिसांत त्याच दिवशी तक्रार होती आणि कोर्टाचा सगळा भर त्यावर आहे. इथे पोलीस तक्रारच नाही, त्यामुळे नुसता तो निकाल डकवला तर कंपनीचा वकील पहिल्या मिनिटाला फरक दाखवेल. आणि ४८ तास हे बहुधा वेबसाइटवर किंवा कॉल सेंटरवर सांगतात. नेहमीच्या मोटर पॉलिसीच्या अटीत शब्द 'ताबडतोब' असा आहे, तासांचा आकडा नाही. तरी मामांच्या पॉलिसीतली अट क्र. १ शब्दश: वाचून घ्या.

तुमच्या कामाचं आहे ते विमा नियामक आयआरडीएचं २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक. उशीर का झाला ते तपासून नोंदवल्याशिवाय, आणि वेळेत कळवलं असतं तरीही हा क्लेम नाकारलाच गेला असता अशी खात्री झाल्याशिवाय, नुसत्या विलंबावर क्लेम नाकारू नये, असं त्यात म्हटलंय. तुमच्या पत्रात यातलं काहीच दिसत नाही.

आता उशिराने कंपनीचं नुकसान काय झालं ते बघा. लवकर कळवा म्हणतात ते मोडलेली गाडी मोडलेल्या अवस्थेत बघता यावी, आणि मध्ये कुणी ती चालवून नुकसान वाढवू नये म्हणून. सर्व्हेच्या आधी दुरुस्ती झाली असती तर तुमची बाजू खरंच लंगडी पडली असती. इथे पार्ट जागेवर आहेत. गॅरेजच्या जॉब कार्डावर किलोमीटर लिहिले आहेत का?

सातारकर_७
हो. १२ जुलै, ४१,३०६. सर्व्हेअरने मीटरचाही फोटो काढलाय, तोच आकडा.

विमाविषयक
मग तुमच्याकडचा सगळ्यात भारी कागद हाच. अपघातानंतर गाडी चालवली नाही, हे त्यातून उघड दिसतं. सोबत टोइंगची पावती लावा, गाडी नंबर, जागा आणि तारीख असलेली. सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा.

दुबळी जागा मात्र वेगळी आहे. ११ ते १९ ला डिस्चार्ज कार्ड बोलेल. १९ ते २८ या नऊ दिवसांचं काय? 'माहीत नव्हतं' असं लिहू नका. हिंडता येत नव्हतं, पॉलिसीचे कागद गाडीतच होते, जे खरं असेल ते तारखांसह लिहा.

सातारकर_७
कागद गाडीतच होते खरे. पण फोन करता आला असता, असं ते म्हणतीलच.

विमाविषयक
म्हणतीलच. त्यावर तयार उत्तर माझ्याकडेही नाही.

कोकणकन्या
एजंट म्हणाला तर ७५ टक्क्यांवर तडजोड घ्या. 'नॉन-स्टँडर्ड' म्हणून देतात.

विमाविषयक
देतात कधी कधी. घ्यायची की नाही ते मामांनी ठरवावं, पण 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या व्हाउचरवर सही केली की उरलेल्या पैशांसाठी भांडणं फार अवघड होतं.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. साताऱ्यासाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील नको, नकारापासून एका वर्षात जायचं. ग्राहक आयोगाला दोन वर्षं आहेत, पण तिथे केस चालू असेल तर लोकपाल तुमची तक्रार घेणार नाही. म्हणून लोकपाल आधी.

सातारकर_७
गॅरेजवाला रोजचे ३०० पार्किंगचे मागतोय. दुरुस्ती सुरू करू का?

विमाविषयक
पार्किंगचे पैसे पॉलिसीतून मिळायचे नाहीत, ते विसरा. दुरुस्ती करायची तर आधी कंपनीला ईमेलने कळवा, 'फेरतपासणी करायची असेल तर सात दिवसांत करा'. मग उघडताना प्रत्येक पार्टचे फोटो घ्या आणि फुटलेला रेडिएटर, मडगार्ड गॅरेजला भंगारात टाकू देऊ नका.

अनिकेत_प
मडगार्ड इतके दिवस ठेवणार कुठे? गॅलरीत?

सातारकर_७
मामींना विचारतो.