मदत हवी आहे: वरच्या मजल्यावरच्या रात्रीच्या तोडफोडीबद्दल शेजाऱ्यांना पाठवायचा निरोप, इंग्रजीतून मराठीत

कर्वेनगर_३०४
आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये बाथरूम नव्याने करण्याचं काम चालू आहे. या आठवड्यात रात्री साडेअकरापर्यंत ब्रेकर चालतो. फ्लॅटचे मालक साठीच्या पुढचे आहेत आणि सगळा व्यवहार मराठीतून करतात. मी निरोप आधी इंग्रजीत लिहिला, कारण कामाचं लिखाण त्याच भाषेत करायची सवय आहे. मराठीत आणल्यावर तो असा झाला:

«प्रिय काका, आशा आहे आपण बरे असाल. मी आपल्या लक्षात आणून देऊ इच्छिते की आपल्या फ्लॅटमधील बांधकामाच्या आवाजामुळे आम्हाला रात्री उशिरा त्रास होत आहे. आपण कृपया रात्री दहानंतर काम टाळल्यास मी त्याची प्रशंसा करेन. आपल्या सहकार्यासाठी आगाऊ धन्यवाद.»

व्याकरण बरोबर वाटतंय, पण वाचताना कुठेतरी टोचतंय. संबंध बिघडवायचे नाहीत. कुठे काय बदलू?

नळस्टॉप
सरळ सोसायटीच्या सेक्रेटरींकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तरीही थांबलं नाही तर रात्री ११२ ला फोन करा.

कर्वेनगर_३०४
तक्रार करायची नाहीये. अजून एकदाही बोलणं झालेलं नाही. पहिला निरोप नीट जावा एवढंच.

टाकबोरू
टोचतंय त्याला कारणं आहेत. तुमचं प्रत्येक वाक्य इंग्रजीत सौम्य आहे आणि मराठीत येताना त्याचा सूर बदलला आहे.

«आशा आहे आपण बरे असाल» हे मराठीत आजारातून उठलेल्या माणसाला विचारतात. काका ठणठणीत असतील तर बुचकळ्यात पडतील. «प्रिय»सुद्धा नको, वयाने मोठ्या शेजाऱ्याला नुसतं «नमस्कार काका» पुरतं. «लक्षात आणून देऊ इच्छिते» ही नोटिशीची भाषा आहे, तिच्यात समोरच्याने हलगर्जीपणा केला असं गृहीत धरलेलं असतं. «प्रशंसा» मोठ्यांनी लहानांची करायची. आणि «आगाऊ धन्यवाद» तर काढाच. «तुम्ही ऐकणारच» असा दाब त्यात आहे, शिवाय आगाऊ म्हटलं की आधी कार्टंच आठवतं.

सगळ्यात जपायचा शब्द मात्र «बांधकाम». फ्लॅटच्या आतल्या कामाला आपण घराचं काम किंवा दुरुस्ती म्हणतो. बांधकाम लिहिलंत की भिंत हलवली का, परवानगी होती का, हे प्रश्न मागोमाग येतात. तुम्हाला ते म्हणायचं नसताना निरोपाला आरोपाचा वास लागतो.

आता एक सांगा: काम चालू असताना काका त्या फ्लॅटमध्ये राहतात का?

कर्वेनगर_३०४
नाही, ते सध्या मुलाकडे राहतात. दुपारी येऊन काम बघून जातात.

टाकबोरू
मग रात्री काय चालतं हे त्यांना बहुधा ठाऊकच नाही. मिस्त्री दिवसा दुसऱ्या साइटवर असले की इथली तोडफोड संध्याकाळनंतर सुरू होते, असं बरेचदा घडतं. म्हणून निरोपाचा कर्ता बदला. «तुम्ही आवाज करता» किंवा «तुमच्यामुळे त्रास होतो» नको. «ब्रेकर चालतो», «झोपमोड होते» अशी वाक्यं घ्या. त्यांना एक बातमी मिळते आणि मिस्त्रीला सांगण्याचं काम मिळते, बचाव करावा लागत नाही.

इंग्रजीतलं «प्लीज» मराठीत «कृपया»ने येत नाही. ती पाटीवरची भाषा झाली, कृपया शांतता राखा. बोलण्यातली विनंती क्रियापदात असते: «सांगाल का?» एवढ्यात अदब आली.

डेसिबलवाला
यात कायदा घातला तर वजन येईल. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोबाइलवर आवाज मोजा आणि आकडा निरोपात टाका. आणि «आपण» बदलू नका, «तुम्ही»पेक्षा ते जास्त आदराचं आहे.

टाकबोरू
वेळ आणि ४५ चा आकडा बरोबर आहे, पण त्याची इथे गरज नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार आवाज करणारी बांधकामाची यंत्रं निवासी भागात रात्री चालवायचीच नाहीत. मोजमापाचा प्रश्नच येत नाही. मोबाइलचा आकडा टाकलात तर चर्चा ब्रेकरवरून मोबाइलवर जाईल. नियम दुसऱ्या निरोपासाठी राखून ठेवा, पहिल्यात आला की ती धमकी वाटते.

«आपण»ची अडचण वेगळी आहे. मराठीत «आपण» म्हणजे तुम्हीही आणि आपण सगळेही. «आपण रात्री काम टाळूया»कडे घसरायला वेळ लागत नाही. काका म्हटल्यावर «तुम्ही» पुरेसं आदराचं आहे. «काका» आणि «आपण» एकत्र आले की एक पाय घरात आणि एक कचेरीत.

पाषाणलेक
आमच्यासमोर पुनर्विकासाची साइट आहे, रात्री काँक्रीटचे मिक्सर येतात. हाच निरोप बिल्डरला चालेल का?

टाकबोरू
नाही चालणार. तिथे नातं शेजाराचं नाही, त्यामुळे काका, तुम्ही, सांगाल का, यातलं काही लागू नाही. तिथे तारीख, वेळ आणि यंत्राचं नाव लिहून पत्रच द्यावं लागेल. वेगळा धागा काढा.

३०४ साठी माझा मसुदा:

«नमस्कार काका, मी खालच्या ३०४ मधून लिहितेय. घराचं काम म्हटलं की आवाज होणारच, दिवसा आमची काहीच अडचण नाही. पण या आठवड्यात रात्री साडेअकरापर्यंत ब्रेकर चालतो. तो आवाज स्लॅबमधून थेट आमच्या बेडरूममध्ये उतरतो आणि घरातल्यांची झोपमोड होते. ब्रेकर आणि टाइल कटरचं काम रात्री नऊच्या आत उरकायला मिस्त्रींना सांगाल का? पुट्टी, रंग, सांधे भरणं अशी कामं नंतर चालली तरी हरकत नाही. तोडफोड साधारण किती दिवस आहे तेही कळवा, म्हणजे आम्हालाही त्याप्रमाणे ठरवता येईल.»

तुमच्या वाक्यात «रात्री उशिरा» हे त्रासाला चिकटलं होतं, ते आता ब्रेकरला जोडलं आहे. «काम टाळा»ऐवजी कोणतं काम हे नेमकं लिहिलं, नाहीतर सगळंच बंद करायला सांगताय असं वाटतं. नऊ लिहिलंय कारण दहा सांगितले की आवराआवरीत साडेदहा होतात.

डेसिबलवाला
नऊला माझा विरोध आहे. नियम दहाचा आहे, जास्त मागितलं तर काका तेच बोट दाखवतील.

टाकबोरू
हा मुद्दा रास्त आहे. मी तरी नऊच लिहीन, पण ते दहा म्हणाले तर ताणू नका.

शब्दवेडी_वारजे
«घराचं», «भरणं» चालेल, पण मग सगळीकडे तसंच ठेवा. मध्येच «कामाचे», «असे» आलं की अर्धा निरोप बोलका आणि अर्धा छापील दिसतो. कागदावर छापून दाराला लावणार असाल तर मात्र सगळं «चे»चं करा. शिवाय ओळख नसताना एकदम «काका» मला खटकतं, मी आडनावापुढे «साहेब» लावीन.

कर्वेनगर_३०४
लिफ्टमध्ये मी त्यांना काकाच म्हणते, तेच ठेवते. «हरकत नाही»चं «चालेल» करते. ब्रेकर सुरू झाल्यावर लगेच पाठवू का, म्हणजे त्यांना फोनवर आवाजही ऐकवता येईल?

टाकबोरू
तेव्हा नको. रात्री साडेअकराला आलेला निरोप कितीही गोड असला तरी रागाचा वाटतो. दुपारी ते काम बघायला येतात, त्याच्या तासभर आधी पाठवा. मिस्त्री समोर असतानाच ते बोलतील.